अडचण उरलेली नाही

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी माझी मुलाखत होती. सकाळी त्यांनी माझ्या बायोडेटाचा कागद हातात घेतला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "कांचन नरहर पांढरीपांडे. ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगमधील पंधरा वर्षांचा अनुभव." पोहे परतता परतता मी म्हटलं, बाबा, मला पाठ आहे तो. ते म्हणाले, पाठ असणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

सिंचन विभागात ते आयुष्यभर पत्रांचे मसुदे करत आले. राजधानी हलली तेव्हा नागपूरहून आजोबा सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, आणि बाबाही सरकारी कचेरीतच चिकटले. त्यांच्या टेबलावरचं कुठलंही पत्र मोठ्यानं वाचल्याशिवाय बाहेर जात नसे. शेजारच्या टेबलावरचा माणूस ऐकायचा, मग सही. डोळ्यांना जे खपतं ते कानाला खपत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. निवृत्तीनंतर ऐकायला मीच उरले. दूधवाल्याला लिहिलेली चिठ्ठीसुद्धा मी ऐकलेली आहे.

नोकरी वडोदऱ्याची होती. तिथल्या एका मोठ्या ट्रान्सफॉर्मर कंपनीला टेस्ट इंजिनिअर हवे होते आणि भोपाळच्या उमेदवारांना त्यांनी हबीबगंज स्टेशनजवळच्या एका हॉटेलात बोलावलं होतं. स्टेशनचं नाव आता बदललं आहे, पण बाबा हबीबगंजच म्हणत. मी निघाले तेव्हा चपला घालून ते फाटकापर्यंत आले. "जमलं तं जा," एवढंच म्हणाले. "माझा चहा मी करतो, माझे कपडे मी धुतो. माझा विचार मधे आणू नको."

हॉटेलच्या छोट्या मीटिंग रूममध्ये तिघं बसले होते. दोघांनी ठरावीक प्रश्न विचारले. तिसऱ्या होत्या सुचेता बर्वे, त्यांच्या टेस्टिंग विभागाच्या प्रमुख. पन्नाशीच्या असतील. केस अगदी आखूड कापलेले. त्यांनी माझ्यासमोर एक आलेख ठेवला. तो हीट रनचा होता. ट्रान्सफॉर्मर तासन् तास लोडवर तापवायचा, तापमान स्थिर झालं की वीज बंद करायची आणि आतल्या वाइंडिंगचा, म्हणजे तांब्याच्या तारेच्या गुंडाळीचा, रेझिस्टन्स मोजायचा. तांबं जितकं गरम तितका रेझिस्टन्स जास्त, म्हणून त्यावरून आत किती तापलं होतं ते काढता येतं. अडचण एवढीच की वीज चालू असताना हे मोजता येत नाही. बंद केल्यावर जोडणी बदलेपर्यंत वाइंडिंग निवायला लागलेलं असतं. म्हणून निवताना एकामागून एक रीडिंग घ्यायची, त्यांची रेषा काढायची आणि ती मागे ओढत नेऊन वीज बंद केली त्या क्षणापर्यंत पोचवायची.

त्या आलेखात पहिली काही रीडिंग रेषेवर बसत नव्हती. त्यांनी विचारलं, ठेवाल की टाकाल? मी म्हटलं, टाकीन. मोजण्यासाठी सोडलेला करंट तोवर स्थिर झालेला नसतो. त्या म्हणाल्या, करंटच कशावरून? वाइंडिंगच तसं वागत नसेल कशावरून? मी म्हटलं, अनुभवावरून. उत्तर लंगडं आहे हे मला बोलतानाच कळलं. त्यांनी कागदावर काहीतरी टिपलं आणि शेवटी, आडनावावरून ओळखून, मराठीत विचारलं, "वडोदऱ्याला यायची तयारी आहे ना?"

मी म्हटलं, "वडील एकटे आहेत. त्यांना सोडून येणं मला शक्य नाही. तुमचं काही काम इथून होण्यासारखं असेल तर बघा."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. टेस्टिंगचं काम जिथे यंत्र आहे तिथेच होतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

संध्याकाळी बाबा ओट्यापाशी स्टूलवर बसून मटार सोलत होते. त्यांनी सगळं विचारून घेतलं. खोली कशी होती, चहा दिला का, बाई काय म्हणाल्या. आलेखाचं मी सांगितलं ते त्यांनी मन लावून ऐकलं, कळलं नाही तरी. मग म्हणाले, "आणि जाण्याचं?"

"बघू," मी म्हटलं.

"माझ्यामुळे अडलं नाही ना?"

मी कुकरची शिटी मोजत असल्यासारखं केलं. मग विचारलं, झाले का दाणे? त्यांनी परात माझ्याकडे सरकवली. जेवताना त्यांनी कचेरीतल्या एका जुन्या साहेबाची गोष्ट सांगितली, पूर्वीही सांगितलेली, आणि मी पूर्वीइतकीच हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीप्रमाणे जवाहर चौकात दूध आणायला गेले. पिशव्या घेतल्या, पैसे दिले, बूथच्या बाहेरच्या बाकावर जरा बसले. बूथवाला सांगत होता की त्याला वाटलं, काका पेपर वाचताहेत.

तेरावा झाला त्याच्या आसपास सुचेताबाईंची मेल आली. अशा मेल बहुतेक येत नाहीत, आल्या तर कंपनीच्या यंत्रणेतून छापील येतात. ही त्यांनी स्वतः लिहिली होती. जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे, कारण फक्त वडोदऱ्याला येण्याचं. पुढच्या वर्षाच्या सुमारास हाय-व्होल्टेज लॅबसाठी प्रमुख लागेल, ते काम तुम्हाला जास्त शोभेल. तेव्हा मला थेट लिहा. परिस्थिती बदलते.

मी एका ओळीत आभार मानले. घरात तेव्हा नातेवाईक होते, त्यांच्या पिशव्या होत्या, आणि परिस्थिती बदलून गेली होती.

नंतरचं वर्ष मी कामाला जात राहिले. गोविंदपुऱ्यात आमचा कारखाना आहे, मध्यम आकाराचा. टेस्ट बे म्हणजे पिवळ्या जाळीच्या आतली एक लांबट जागा, तिथली मी मुख्य. कामावर हिंदी, बाजारात हिंदी, शेजारी हिंदी. आमच्या घरात मराठी फक्त आम्हा दोघांत होती, हे मला ती बंद झाल्यावर लक्षात आलं. नागपूरचा पेपर एजंटाकडून एक दिवस शिळा येत असे. तो मी बंद केला नाही. मी तो वाचत नव्हते, बाबांच्या खुर्चीवर ठेवत होते, आणि ढीग खुर्चीच्या हातापर्यंत आला की रद्दीवाल्याला बोलवत होते. कधी कधी कुणाला न सांगता एखादी बातमी मोठ्यानं वाचायला तोंड उघडायचे आणि मिटायचे. ऐकणारं कुणी नसलं की आवाज कुठे ठेवायचा ते कळत नाही.

त्याच वर्षात मी पहिल्या रीडिंगांचा प्रश्न सोडवला. कुणी सांगितलं नव्हतं. करंटच कशावरून, हे डोक्यात राहिलं होतं. उत्तर साधं निघालं. हीट रनच्या आधी ट्रान्सफॉर्मर पूर्ण थंड असताना तेच मीटर, तशीच जोडणी, त्याच वाइंडिंगवर लावायची. थंड वाइंडिंगमध्ये निवायला काही उरलेलं नसतं, त्याचा रेझिस्टन्स एका जागी राहायला हवा. तरीही सुरुवातीची रीडिंग हललीच, जवळजवळ दीड मिनिट. म्हणजे तेवढं हलणं वाइंडिंगचं नव्हे, करंट स्थिरावण्याचं. पुढे प्रत्येक हीट रनच्या आधी आम्ही हे करू लागलो आणि किती रीडिंग टाकायची याचा वाद ग्राहकाच्या इन्स्पेक्टरशी घालायची वेळ आली नाही.

जाहिरात तुषारनं दाखवली. तुषार माझ्या हाताखाली टेस्ट बेमध्ये आहे, जन्मापासून भोपाळचा, आईवडील अमरावतीचे. डबा खाताना त्यानं फोन माझ्या ताटाशेजारी ठेवला. "दी, ये देखो. हाय-व्होल्टेज लॅब, मॅनेजर. ही तर तुमचीच जागा आहे. अर्ज मीच भरला असता, पण मला कोण घेणार, मी तर तुमचा चहा आणणारा."

"तू चहा कधी आणलास?"

"वही तो. अनुभवच नाही ना."

वर्षभरापूर्वी त्याला मी मेलचं सांगितलं होतं. तो म्हणाला, पोर्टलवर अर्ज टाकाच, नाहीतर एचआरला नंबर लागणार नाही, पण आधी मॅडमला लिहा. पोर्टलवर तुमच्या नावापुढे मागच्या वर्षीचा 'नाही' असेल, तो मॅडमच काढू शकतात. बरोबर होतं त्याचं. मुलाखत घेणाऱ्यानं मागे चांगला शेरा दिलेला असला, तर त्याच्याच शब्दावर जुनी फाइल उघडते. नाहीतर अर्ज शेकडोंच्या ढिगात जातो.

पत्र मी इंग्रजीत लिहिलं, आमच्या क्षेत्रात तसंच लिहितात. मराठीत सांगायचं तर असं होतं.

आदरणीय सुचेता मॅडम, गेल्या वर्षी जानेवारीत भोपाळला टेस्ट इंजिनिअरच्या जागेसाठी आपली भेट झाली होती. लॅबप्रमुखाची जागा निघाली की थेट लिहा असं आपण कळवलं होतं. ती जागा जाहीर झालेली पाहिली आणि आजच पोर्टलवर अर्ज केला आहे. आपण मला विचारलं होतं की पहिली रीडिंग करंटमुळेच बिघडतात हे कशावरून, आणि मला नीट सांगता आलं नव्हतं. त्यानंतर आम्ही थंड ट्रान्सफॉर्मरवर तशीच रीडिंग घेऊन पाहिली. आलेख सोबत जोडला आहे. सध्या टेस्ट बेची पूर्ण जबाबदारी माझ्याकडे आहे. वडोदऱ्याला येण्याबाबत मी तेव्हा जी कौटुंबिक अडचण सांगितली होती, ती आता उरलेली नाही. आपल्याला सोयीचं असेल तेव्हा पंधरा मिनिटं बोलता आलं तर आवडेल.

अडचणीच्या वाक्यावर दुपार गेली. वडील वारले असं लिहिलं तर नोकरीच्या अर्जात ते सहानुभूती मागितल्यासारखं दिसत होतं. काहीच लिहिलं नाही तर फाइल पुन्हा त्याच कारणानं मिटली असती. मग हे सभ्य वाक्य सुचलं. तुषार मागे उभा होता. "परफेक्ट, दी," तो म्हणाला, "भेजो, वरना आप कल तक सोचोगी." मी पाठवून दिलं.

घरी आले, दिवा लावला, चहा ठेवला. सवयीनं फोन काढला आणि पाठवून झालेलं पत्र उभ्या उभ्या मोठ्यानं वाचायला लागले. आलेखापर्यंत ठीक गेलं. मग ती ओळ आली. ती मी इंग्रजीत वाचली आणि मग, का कोण जाणे, मराठीत म्हणून पाहिली. अडचण उरलेली नाही. स्वयंपाकघरात ते मटार सोलायचं स्टूल अजून तिथेच होतं. मी गॅस बंद केला आणि चहा तसाच राहिला.

पाठवलेलं पत्र परत घेता येत नाही. दुरुस्तीचं दुसरं पत्र लिहायला बसले, तर काय दुरुस्त करायचं ते सांगता येईना. वाक्यात खोटं काही नव्हतं.

उत्तर लवकर आलं. शनिवारी अकराला फोन करते, घरी असाल ना, एवढंच.

शनिवारी मी टेबलाशी बसले होते. समोर वही, पेन, छापलेला आलेख. शेजारच्या खुर्चीवर पेपरांचा ढीग. फोन बरोबर वेळेवर वाजला. त्या एकदम मराठीतच सुरू झाल्या.

"कांचन, तुमचा आलेख मी आमच्या पोरांना दाखवला. त्यांना म्हटलं, बघा, एक प्रश्न विचारला तर बाईनं वर्षभरानं उत्तर पाठवलं. तुम्ही माझ्या मेलचं उत्तर द्यायला दोन दिवस लावता."

मी हसले. फोनवर मराठीत हसून बरेच महिने झाले होते.

त्यांनी लगेच एक खोटही काढली. गरम वाइंडिंगचा रेझिस्टन्स जास्त, म्हणजे करंट थंडपेक्षा लवकर स्थिरावणार, मग थंडचं दीड मिनिट गरमला कसं लावता? मी म्हटलं, जसंच्या तसं लागत नाही, पण थंडचा वेळ धरला तर आपण सुरक्षित बाजूला राहतो. एखादं चांगलं रीडिंग वाया जातं, वाईट आत येत नाही. "मान्य," त्या म्हणाल्या, आणि मला पेनाचं टोपण लावल्याचा आवाज आला.

मग कामाचं सांगितलं. मागच्या वर्षीचा टेक्निकल शेरा त्यांच्याकडे नोंदलेला आहे, त्यामुळे पहिली फेरी पुन्हा घ्यायची गरज नाही. लॅब बघायला आणि प्लँटच्या प्रमुखांना भेटायला एकदा वडोदऱ्याला यावं लागेल. उमेदवार आणखी दोघं आहेत, दोघंही चांगले. शेवटचा निर्णय प्लँटचे प्रमुख आणि सुचेताबाई यांनी मिळून घ्यायचा, पण लॅबपुरतं बाईंचं म्हणणं ऐकलं जातं. मी टिपून घेत होते.

"आणि एक," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा मोकळा झाला. "तुमचं ते वाक्य वाचून बरं वाटलं. बाबा तयार झाले म्हणजे. मागच्या वेळी तुम्ही सांगितलंत तेव्हा मी मनात म्हटलं होतं, यांना कुणीतरी सांगायला हवं की वडिलांना घेऊनच या. कॉलनीत बरीच म्हातारी माणसं आहेत, मराठीही आहेत. रोज संध्याकाळी बाकांवर बसतात. क्वार्टर मिळाली तर तळमजल्याची मागून घेऊ. जिने चढतात का ते?"

मी पेन वहीवर ठेवलं. ते घरंगळत टेबलाच्या कडेपर्यंत गेलं.

असं कुणी विचारलं नव्हतं. लोकांनी विचारलं होतं ते कसे गेले, त्रास झाला का, आता तू एकटी कशी राहणार. ते जिने चढतात का, असं वर्षभरात कुणी विचारलं नव्हतं. एक क्षण मला हो म्हणावंसं वाटलं. चढतात, हळूहळू, मधल्या पायरीवर थांबून समोरच्या झाडाबद्दल काहीतरी बोलतात, म्हणजे थांबल्याचं वाटू नये म्हणून.

"बाबा नाहीत," मी म्हटलं. "तुमच्या मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेले."

मागे कुठेतरी कुणाला तरी त्यांनी दार लावून घे असं सांगितलेलं ऐकू आलं.

"आणि मी तुम्हाला लिहिलं, परिस्थिती बदलते," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत नव्हतं. मी कळवलं नाही. या वेळी जे कळवलं तेही असं कळवलं की तुम्हाला भलतंच वाटलं."

त्यांनी बाबांचं नाव विचारलं. मी सांगितलं. काय करत होते, विचारलं. मी मसुद्यांचं सांगितलं, पत्र मोठ्यानं वाचायचं. हे पत्र मी पाठवल्यावर वाचलं, तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, मीसुद्धा मनातच वाचलं.

मग त्यांचा स्वर बदलला. कठोर नव्हता, पण कामाचा होता.

"कांचन, आता मी विचारते ते वाईट वाटून घेऊ नका. मला ही लॅब उभी करायला पाच-सहा वर्षं टिकणारं माणूस हवं आहे. घर रिकामं झालं म्हणून गाव सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. नवं घरही रिकामंच निघतं, मग ती परत जातात. तुम्ही मागच्या वर्षी मला सांगितलंत की वडील अडचण होते. तेवढीच अडचण होती का? हे काम तुम्हाला तेव्हा खरंच हवं होतं का?"

खिडकीतून ऊन पेपरांच्या ढिगावर आलं होतं. सगळ्यात वरचा पेपर काल आलेला होता, म्हणजे परवाचा. मी खुर्चीकडे पाहिलं. माझ्यामुळे अडलं नाही ना, असं विचारून त्या संध्याकाळी ते परात हातात धरून बसले होते आणि मी शिट्या मोजत होते.

"ते अडचण नव्हते," मी म्हटलं. माझा आवाज त्या खोलीत मला मोठा वाटला. मी तो कमी केला नाही. "तेव्हा तुम्हाला मी सांगितलं ते बरोबर नव्हतं. त्यांचं काही माझ्यावाचून अडत नव्हतं. स्वतःचा चहा, स्वतःचे कपडे, सगळं ते करत होते. जा म्हणून त्यांनीच सांगितलं होतं. संध्याकाळी विचारलंही, माझ्यामुळे अडलं का. मी उत्तर दिलं नाही. वर्षभर मला वाटत होतं की उत्तर हो असं होतं, म्हणून मी गप्प बसले."

टेबलाच्या कडेला गेलेलं पेन मी उचलून वहीत ठेवलं.

"तुमचं काम मला तेव्हाही हवं होतं, मॅडम. आताही हवं आहे, आणि मी टिकेन. पण त्यांच्यासाठी मी थांबले नव्हते. मी माझ्यासाठी थांबले होते. मला त्यांच्याजवळ राहायचं होतं. बाबा, मला तुमच्याजवळ राहायचं होतं."